घुमटाचे पान: मडके कोणाचे, कातडे कशाचे, माती कुठली

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या सहकारी संस्थेच्या ऑनलाइन दुकानासाठी कारागिरांची पाने लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला ते सोपे वाटले होते. कारागिराचा हसरा फोटो, वाडीचे नाव, तीन पिढ्यांचा धंदा, खाली 'खरेदी करा' असे बटण, की झाले. पहिली दोन पाने मी तशीच लिहिली. तिसरे घुमटाचे होते आणि तिथे अडलो. पहिल्याच भेटीत कुंभार काका म्हणाले, "घुमट म्हजें न्हय. चामडें घालपी वेगळो." म्हणजे वस्तू एक आणि कारागीर दोन, आणि मी पानावर फक्त काकांचे नाव टाकून आलो होतो.

म्हणून हे मार्गदर्शन मी घुमटावरच बेतले आहे. सूप, समई किंवा मातीची चूल विकणाऱ्यालाही यातले बरेचसे उपयोगी पडेल, पण घुमटात नेमके ते सगळे प्रश्न एकत्र येतात जे अशा पानावर चुकतात. वस्तू दोन हातांतून गेलेली असते, कच्चा माल दोन ठिकाणांहून आलेला असतो, आणि त्यातला एक माल कायद्याच्या नजरेखाली असतो.

ज्यांना वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेले मातीचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे मढवतात, लहान तोंड उघडे असते. वादक एका हाताने कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताने लहान तोंड झाकत-उघडत आवाज फिरवतो. चतुर्थीच्या आरत्या आणि शिगमा यांच्याशिवाय ते कल्पनेतच येत नाही. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. ही माहिती पानावर टाकायला हरकत नाही, पण ती वाद्याबद्दल आहे, तुमच्या मडक्याबद्दल नाही. 'शासनमान्य घुमट' असे लिहिणाऱ्याला मी तिथेच थांबवले असते.

आधी लॉट, मग गोष्ट

नवखा माणूस सुरुवात मुलाखतीपासून करतो. मी सुरुवात आव्यापासून, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीपासून, करायला सांगेन. पानाचा खरेपणा शेवटी एकाच गोष्टीवर टिकतो: ग्राहकाच्या हातात आलेले मडके आणि पानावरचा कारागीर यांचा संबंध दाखवता येतो का? तो दाखवायचा असेल तर एका आव्यात भाजलेली मडकी म्हणजे एक लॉट मानायचा. आम्ही त्याला `GH25-07` असा क्रमांक देतो: वर्ष आणि त्या वर्षीचा कितवा आवा.

क्रमांक लिहायचा कुठे? पहिल्या वेळी मी भाजलेल्या मडक्यावर मार्करने लिहिला. मढवणाऱ्या भाईंच्या पडवीत कातडे ओले करताना पाणी लागले, हात पुसले गेले, आकडे गेले. आता मडके अर्धवट सुकलेले असताना, म्हणजे बोट दाबले तर खूण उमटत नाही पण नखाने ओरखडा पडतो अशा वेळी, काका लहान तोंडाजवळ खिळ्याने `07-12` असे ओरखडतात. सातवा आवा, बारावे मडके. भाजल्यावर तो आकडा मडक्याबरोबर पक्का होतो. मोठ्या तोंडाच्या काठावर मात्र काही ओरखडू नये. तिथे कातडे ताणले जाते, आणि काठ जितका गुळगुळीत तितके कातडे सरळ बसते. ही जागा काकांनीच ठरवून दिली, मला सुचली नव्हती.

त्यानंतर संस्थेच्या वहीत आणि संगणकात प्रत्येक लॉटची अशी नोंद होते:

```
lot: GH25-07
body_maker: K03
skin_maker: C01
clay: Dicholi, sheti
skin: goat
fired: 2025-04
skinned: 2025-08
fired_total: 19
good: 14
```

(आकडे उदाहरणाचे आहेत.) कारागिराच्या नावाऐवजी इथे संकेत आहे, कारण ही नोंद संस्थेतले चार जण पाहतात आणि पानावर नाव टाकायला कारागिराने होकार दिला आहे की नाही ते वेगळे तपासले जाते. दोन तारखांमधले अंतर पाहून माझ्या एका सहकाऱ्याला वाटले की कोणीतरी चुकीचे भरले. तसे नाही. ओल्या हवेत मडकी नीट सुकत नाहीत, त्यामुळे भाजणे पावसाच्या आधीच आटोपतात. मागणी मात्र चतुर्थीची, म्हणून मढवणे श्रावणात, उघडीप बघून. पानावर 'एका दिवसात हाताने घडवलेले' असे काही लिहिले तर ती नोंदच खोटी ठरवते.

मुलाखत

पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका. फोन खिशात, वही हातात. आमचे काका कॅमेरा दिसला की चाकावर बसून तेच तेच तीन वाक्य सांगत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते माती तुडवत होते आणि बोलणे आपोआप सुरू झाले.

'किती वर्षे हे काम करता?' या प्रश्नाचे उत्तर सगळे सारखेच देतात. त्यापेक्षा मी विचारतो: शेवटच्या आव्यात किती ठेवली आणि किती फुटली? कशाने फुटली? मग माणूस बोलू लागतो. आमच्या काकांनी जे सांगितले ते असे: मातीत चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यानंतर काही दिवसांनी हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि मडक्याचा टवका उडतो. एक भिंत जाड आणि एक पातळ राहिली तर सुकतानाच तडा जातो, कारण पातळ भाग आधी आक्रसतो. चिरलेले मडके कसे ओळखता? बोटाने टिचकी मारून. चांगले मडके घुमते, चिरलेले भदभद वाजते. ही चार वाक्ये कारागिराच्या पानावर गेली, आणि 'काका मायेने माती मळतात' हे माझे आधीचे वाक्य खोडले.

किंमत का आहे तेवढी, हेही त्याच उत्तरात येते. उदाहरणातल्या लॉटप्रमाणे एकोणीस ठेवली आणि चौदा चांगली निघाली, तर पाचांची मेहनत आणि लाकूड उरलेल्या चौदांवर बसते. ग्राहकाला हे सांगायला संकोच वाटू नये. मात्र फुटीचा आकडा त्या लॉटचाच असावा. एकदा मिळालेला आकडा सगळ्या पानांवर वर्षानुवर्षे फिरत राहिला की त्याचा अर्थ संपतो.

कातड्याचा प्रश्न

आता पानातला सर्वांत नाजूक भाग. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत. तिला मारणे, तिचे कातडे विकणे, एवढेच नव्हे तर जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या परिशिष्ट 1 मध्येही ती आहे. म्हणून आता बकऱ्याचे कातडे लावतात.

इथे आमच्याकडून एक गोष्ट थोडक्यात टळली. काकांकडे त्यांच्या आज्याच्या वेळचे जुने घुमट होते. रंग चढलेला, फोटो अप्रतिम. मी तो पानाच्या अगदी वर लावला. प्रकाशित करण्याच्या आदल्या रात्री संस्थेच्या एका ज्येष्ठ ताईंनी फोन केला, "अरे, त्या फोटोतल्या कातड्यावर खवले दिसतात." खरेच दिसत होते. विक्रीच्या पानावर घोरपडीच्या कातड्याचा फोटो लावून मी स्वतःच पुरावा तयार करत होतो, आणि ज्या माणसाची गोष्ट सांगायची त्यालाच अडचणीत टाकत होतो. फोटो काढला. जुन्या वस्तूंचे फोटो आता आम्ही दुकानाच्या पानांवर लावत नाही.

कातडे कशाचे आहे हे दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे उजेडात, जवळून, तिरपा फोटो. बकऱ्याच्या कातड्यावर केसांच्या मुळांची बारीक छिद्रे दिसतात. घोरपडीच्या कातड्यावर दाणेदार खवल्यांची नक्षी असते. हा एक फोटो दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतो. पानावर शब्दही स्पष्ट हवेत: 'कातडे बकऱ्याचे.' 'पारंपरिक कातडे' असे लिहिले की वाचणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्तच असते.

मढवणारे भाई कातडे बाजारातल्या खाटकाकडून घेतात. बिल मिळत नाही. मग पुरावा काय? आम्ही वही ठेवतो: तारीख, बाजार, किती कातडी, कोणत्या लॉटसाठी. हे बिल नाही, पण कोणी विचारले तर दाखवायला आहे, आणि पानावर आम्ही तेवढेच म्हणतो जेवढे वहीत आहे. कातडे कोणत्या गावच्या बकऱ्याचे, हे आम्हाला माहीत नाही, म्हणून पानावरही नाही.

'आवाज घोरपडीच्या कातड्यासारखाच' असे लिहायचा मोह होतो. जुन्या वादकांना विचारले तर ते मान्य करत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालायची जागा दुकानाचे पान नव्हे. आम्ही त्या लॉटमधल्या एका घुमटाचा वीस सेकंदांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पानावर ठेवतो. ऐकणारा स्वतः ठरवेल.

पानाचा मजकूर

मी आधी लिहिलेला परिच्छेद असा होता: 'शतकानुशतकांच्या परंपरेतून साकारलेले, गोव्याच्या लाल मातीच्या सुगंधाने भारलेले हे घुमट कारागिरांच्या कुशल हातांची साक्ष देते.' हा परिच्छेद पणतीला, सुपाला, अगदी काजूच्या पाकिटालाही चालला असता. आताचा असा आहे:

'या घुमटाचे मडके डिचोली तालुक्यातल्या कुंभारवाड्यात चाकावर घडले. माती जवळच्या शेतातली. आवा एप्रिलमध्ये लागला. एकोणीस मडक्यांतली चौदा चांगली निघाली. कातडे बकऱ्याचे, बाजारातल्या खाटकाकडून घेतलेले. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कारागिराने ते मढवले. लहान तोंडाजवळ ओरखडलेला आकडा या लॉटमधला तुमच्या मडक्याचा क्रमांक आहे. पावसाळ्यात कातडे सैल पडते. वाजवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवा, थेट आचेवर धरू नका.'

शेवटचे वाक्य काळजीचे वाटेल, पण ते मूळ सांगण्याचाच भाग आहे. कातडे खरे आहे म्हणूनच ते दमट हवेत सैल पडते, आणि हे आधी सांगितले नाही तर 'वाजत नाही' म्हणून माल परत येतो.

मातीचे ठिकाण लिहिताना तालुक्यापर्यंतच थांबा. शेत कोणाचे, खड्डा कुठे, हे लिहिले तर शेतमालकाची परवानगी नसताना तुम्ही त्याला चर्चेत आणता, आणि शिवाय कोणीही गाडी घेऊन तिथे पोहोचू शकतो. कारागिराच्या घराचेही तसेच. फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते, ती काढून टाका. फोनवरून फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवर पाठवला तर ती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. हे कळायला मला वेळ लागला.

शोधाची एक गंमत. मराठीत 'घुमट' म्हणजे देवळाचा किंवा वाड्याचा गोल माथाही. त्यामुळे पानाचे शीर्षक नुसते 'घुमट' ठेवले तर शोधणाऱ्याला गोलघुमट आधी दिसतो. आम्ही शीर्षक 'मातीचे घुमट (वाद्य)' ठेवले, आणि रोमन लिपीतली `Ghumot`, `Ghumat`, `Gumot` ही तिन्ही रूपे पानाच्या माहितीत टाकली, कारण लोक तिन्ही लिहितात.

कायद्याची थोडी कोरडी बाजू इथेच उरकतो. 2011 च्या लीगल मेट्रॉलॉजी (पॅकेज्ड कमोडिटीज) नियमांत बनवणाऱ्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क अशा गोष्टी येतात. तिथे संस्थेचा पत्ता द्या, कारागिराचा नको. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचे चिन्ह फक्त त्याच वस्तूवर लावा जिची नोंदणी झाली आहे आणि जिचा उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदला गेला आहे. गावाचे नाव प्रसिद्ध आहे म्हणून ते लावता येत नाही.

वाचून दाखवणे

संमती म्हणजे कागदावर अंगठा नव्हे. मी मसुदा घेऊन जातो आणि कोकणीत वाचून दाखवतो, शुद्ध मराठीत नाही. मग एकेक गोष्ट वेगळी विचारतो: नाव घालू की नुसते टोपणनाव? चेहरा चालेल की फक्त हात? वाडीचे नाव? घरातल्यांचा उल्लेख? जातीचा? मोबदल्याचा आकडा?

मोबदल्याच्या प्रश्नावर काकांनी बिनदिक्कत हो म्हटले. जातीवर मात्र भाईंनी नको म्हटले. कातड्याचे काम म्हटले की त्यांच्याविषयी पूर्वी जे बोलले गेले ते त्यांना पानावर परत नको होते. मी 'कातडे मढवणारे कारागीर' एवढेच ठेवले आणि त्यांच्या फोटोत फक्त हात आणि दोर आहेत. गोष्ट त्यामुळे कमी झाली नाही. वादी ताणताना कोणत्या क्रमाने समोरासमोर ओढतात, हे त्यांनी सांगितले ते ऐकून मीच थक्क झालो, आणि ते पानावर आहे.

प्रत्येक होकार तारखेसह नोंदवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 म्हणतो की संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा की संस्थेच्या पाकिटावर आणि कारागिराला दिलेल्या चिठ्ठीवर एक फोन नंबर आहे; त्यावर नुसते सांगितले की नाव किंवा फोटो आठवड्याच्या आत उतरतो. कारागिराचा पहचान कार्ड क्रमांक किंवा आधार पानावर कधीही जात नाही. ग्राहकाला 'खरे कारागीर' पटवायला कार्डाचा फोटो लावलेला मी पाहिला आहे. तसे करू नका.

पान शिळे कसे होते

सगळ्यात मोठा बिघाड वर्षभराने होतो. काका आजारी पडतात, त्यांची दोन मडकी दुसऱ्या कुंभाराकडून आलेली असतात, आणि पानावर अजून काकांचाच चेहरा असतो. हे ओळखायची एक परीक्षा आहे. महिन्यातून एकदा गोदामातले कोणतेही एक घुमट उचला, ओरखडलेला आकडा वाचा, नोंद काढा आणि कारागिराला फोन करून विचारा, हे तुमचे का? आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात उत्तर आले, "ना, तें म्हजें न्हय." मडके शेजारच्या कुंभाराचे होते, आणि आकडा आमच्याच माणसाने घाईत वहीत चुकीचा उतरवला होता. दोन ग्राहकांना फोन करून सांगावे लागले. दोघांनीही घुमट ठेवून घेतले. एकाने विचारले, मग त्या दुसऱ्या कुंभाराचे पान कुठे आहे?

म्हणून आता कारागिराचे पान आणि लॉटचे पान वेगळे आहे. कारागिराचे पान सावकाश बदलते. लॉटचे पान प्रत्येक आव्याला नवे तयार होते आणि त्याचा पत्ता `/lot/gh25-07` असा, वस्तूच्या पानापासून वेगळा ठेवला आहे. कागदी चिठ्ठीवरचा क्यूआर कोड याच पत्त्यावर नेतो. वस्तू संपली, दुकानाचा आराखडा बदलला तरी जुन्या ग्राहकाचा कोड उघडतो. आम्ही पहिल्या वर्षी कोड थेट वस्तूच्या पानाला जोडले होते. चतुर्थीनंतर माल संपला, पान काढून टाकले, आणि ज्यांनी कोड स्कॅन केला त्यांना 'पान सापडत नाही' दिसले. त्या चिठ्ठ्या पुन्हा छापाव्या लागल्या.

लॉट विकला गेला की पान काढू नका. वर 'हा लॉट संपला' असे लिहा आणि बाकी सगळे तसेच ठेवा. पुढच्या आव्याच्या वेळी काकांना दाखवायला तेच पान लागते. गेल्या वर्षी किती फुटली, हे त्यांनाही आठवत नसते.